ताप उतरला, घसा अजून दुखतोय, आजीजवळ कधी जाऊ?

"काल रात्रीपासून ताप नाही, पण घसा अजून दुखतोय. आजीच्या खोलीत गेलो तर चालेल का?"

आज नको. आधी शेवटची पॅरासिटामॉल कधी घेतली ते आठवा. घसादुखीसाठी घेतलेली गोळी तापही दाबते, त्यामुळे थर्मामीटर फसवतो. समजा शेवटची गोळी गुरुवारी सकाळी आठला घेतली, तर दुपारी ताप नसणं काही सांगत नाही. गोळीचा असर गेल्यावर पुढचे २४ तास गोळीशिवाय ताप आला नाही आणि एकूण बरं वाटू लागलं, तर वेगळी खोली सोडा. तरी पुढचे पाच दिवस आजीसमोर मास्क हवाच, खिडकीही उघडी ठेवा. घसा थोडा खवखवत राहील, तेवढ्यासाठी अडकून पडू नका.

खरी मेख अशी, की हा फ्लू असेल तर तो लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच पसरतो. म्हणजे आजीला लागण आधीच झालेली असू शकते. म्हाताऱ्या माणसांना कधीकधी तापच येत नाही. जेवण सोडणं, असंबद्ध बोलणं, एकाएकी गळून जाणं, यावर नजर ठेवा. असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फ्लूवरचं औषध ओसेल्टामिविर लक्षणं दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. धाप लागली तर थेट हॉस्पिटल.