मदत हवी आहे: विम्याच्या नकारावरच्या अपिलासाठी डॉक्टरांचं पत्र कोणी लिहावं?

भाऊ अमेरिकेत आहे, विमा नोकरीतून मिळालेला. आजार क्रोन्स. अ‍ॅडालिमुमॅब घेताना डोळ्याच्या नसेला सूज आली (ऑप्टिक न्यूरायटिस), म्हणून ते बंद केलं. आता डॉक्टरांनी वेडोलिझुमॅब सांगितलंय: ३०० मिलिग्रॅम शिरेतून, सुरुवातीला, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, पुढे दर आठ आठवड्यांनी.

विम्याने नकार दिला. कारण: ‘आधी इन्फ्लिक्सिमॅब वापरून पाहिल्याची नोंद नाही.’ पण तेही अ‍ॅडालिमुमॅबसारखंच टीएनएफ रोखणारं औषध, म्हणजे डोळ्याचा धोका तोच.

चूक आमच्या पहिल्या पत्रात असावी. त्यात फक्त ‘अ‍ॅडालिमुमॅब मानवलं नाही’ असं होतं. हे वाचून समोरच्याला पुरळ उठलं की औषध लागू पडलं नाही, काहीच कळत नाही. नव्या पत्रात डोस, सुरू-बंद केल्याच्या तारखा, एमआरआयचा निष्कर्ष आणि औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातला मज्जातंतूंबद्दलचा इशारा घालतोय. विमा कंपनीचं धोरणपत्रकही मागवलंय, त्यातल्या अटींच्याच क्रमाने उत्तर द्यायचं आहे.

अपिलाला नकारापासून १८० दिवस आहेत, पण पोटाचा त्रास वाढतोय. डॉक्टरांचं विम्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं अजून झालेलं नाही. औषध कंपनीच्या मदत योजनेचा अर्ज वेगळा केलाय, त्यावर सल्ला नको.

ज्यांनी असं अपील केलंय त्यांना विचारतो: पोटाच्या डॉक्टरांच्या पत्राला न्यूरॉलॉजिस्टची तपासणी-नोंद जोडली तर पुरते, की ‘या गटातलं कुठलंच औषध देऊ नये’ असं न्यूरॉलॉजिस्टचं वेगळं सहीचं पत्र लागतं?