मदत हवी आहे: मक्याचं कणीस, ९:३:३:१ आणि दोन वेगळे काय-स्क्वेअर

कणीसवाली
एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला जांभळा-गुळगुळीत आणि पिवळा-सुरकुतलेला मका यांच्या संकराची एफ-टू कणसं मिळाली. टाचणीने खूण करत ४०० दाणे मोजले. जांभळे गुळगुळीत २४७, जांभळे सुरकुतलेले ५७, पिवळे गुळगुळीत ७७, पिवळे सुरकुतलेले १९. अपेक्षित २२५, ७५, ७५, २५. मी आधी सगळ्यांचे टक्के काढले आणि काय-स्क्वेअर आला १.९९, म्हणजे मस्त जुळतंय. पार्टनरचं उत्तर ७.९६, ती म्हणते जुळत नाही. टेबलात ३ डिग्रीला ७.८१ आहे. जर्नल उद्या द्यायचंय. कोण बरोबर?

बाकावरचा
पार्टनर. टक्के घालायचे नसतात, मोजलेले आकडेच घालायचे. ७.९६ म्हणजे ७.८१ च्या वर, गृहीतक रिजेक्ट. जीन्स लिंक्ड आहेत असं लिहून टाक.

कणीसवाली
पण टक्क्यांनी फरक का पडावा? प्रमाण तर तेच ना?

जुना_ब्रीडर
प्रमाण तेच, पण पुराव्याचं वजन गेलं. टक्के केलेस म्हणजे ४०० दाण्यांचे १०० दाणे केलेस. म्हणून तुझं उत्तर बरोब्बर चौथा हिस्सा आलंय, १.९९ ला ४ ने गुणून बघ. शंभर दाण्यांत एवढी तफावत नशिबाने सहज येते, चारशेंत तितकी सहज येत नाही.

बाकावरचा, तुमचं पहिलं वाक्य बरोबर, शेवटचं घाईचं. ९:३:३:१ मध्ये तीन गोष्टी एकदम गृहीत असतात: रंगाचं ३:१, सुरकुतीचं ३:१, आणि दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र. काय-स्क्वेअर फुगला तर तिन्हींपैकी काय मोडलं ते तो एकटा सांगत नाही. वेगळं करून बघू.

जांभळे ३०४, पिवळे ९६. हवे होते ३०० आणि १००. काय-स्क्वेअर ०.२१, काहीच नाही.
गुळगुळीत ३२४, सुरकुतलेले ७६. इथे ७.६८, आणि १ डिग्रीला मर्यादा ३.८४.
उरलेला लिंकेजचा भाग: (२४७ − ३×५७ − ३×७७ + ९×१९)² / (९×४००) = २५६/३६०० = ०.०७.

तिन्हींची बेरीज कर, ७.९६ येते. म्हणजे सगळी गडबड सुरकुतीत आहे. स्वतंत्र वाटणीला धक्काही लागलेला नाही.

मिरचीवाले_काका
माझंही असंच! परसात लोंबती लाल × उभी पिवळी मिरची, एफ-टूची ३२ झाडं. २०, ५, ७ आणि उभी पिवळी एकही नाही. नियम चुकला का?

जुना_ब्रीडर
काका, उभी पिवळी फक्त २ अपेक्षित होती. ३२ झाडांत एकही न येण्याची शक्यता (१५/१६)³², म्हणजे आठात एक. नियमाचा काही दोष नाही, झाडं कमी. आणि अपेक्षित संख्या ५ च्या खाली गेली की या टेबलाचा भरवसाही कमी होतो.

मिरचीवाले_काका
म्हणजे अजून रोपं लावायची. बायकोला सांगतो.

कणीसवाली
मग सुरकुतलेले कमी का? शंभर हवेत, ७६ आहेत.

बाकावरचा
लिंकेजचं मागे घेतो. पण मोजणीतच चूक असेल. जांभळ्या दाण्यावर हलकी सुरकुती दिसतच नाही, मी स्वतः फसलोय.

जुना_ब्रीडर
शक्य आहे. पण तसं असेल तर तूट जांभळ्यांत जास्त दिसायला हवी. जांभळ्यांत सुरकुतलेले १८.८ टक्के, पिवळ्यांत १९.८. जवळपास सारखेच. त्यामुळे मला दुसरीही शंका येते. मक्यात चौथ्या गुणसूत्रावर, गोड मक्याच्या su1 जीनजवळ, Ga1 नावाचा जीन असतो. तो असलेल्या स्त्रीकेसरावर Ga1 चे परागकण पुढे जातात, बाकीचे मागे पडतात. गुळगुळीत दाण्याचा पालक पॉपकॉर्नच्या घराण्यातला असेल तर Ga1 त्याच्याकडून येतो आणि सुरकुतलेले दाणे पावहिश्शाच्या बरेच खाली जातात.

हे तपासायचं असेल तर एफ-वनला मादी ठेवून सुरकुतलेल्या जातीचे पराग घाल, आणि उलटही कर. पराग एफ-वनचे आणि मादी साधी असेल तर १:१ मिळायला हवं; Ga1 ची शर्यत मादीतही Ga1 असेल तेव्हाच लागते.

कणीसवाली
उद्यापर्यंत परागीभवन कुठून करू? 😅 कणीस कुठल्या जातीचं ते लॅबमध्ये कुणालाच माहीत नाही, पिशवीवर फक्त "एफ-टू" लिहिलंय.

जुना_ब्रीडर
मग पार्टनरला तेच दाणे तुझा आकडा न सांगता परत मोजायला लाव. तिचेही ७५-८० आले तर मोजणी सुटली. जर्नलमध्ये "९:३:३:१ नाकारलं" एवढ्यावर थांबू नकोस, तीन तुकडे लिही.

कणीसवाली
मोजले. तिचे सुरकुतलेले ८१. ५ दाण्यांवरून आमचं भांडण चालू आहे.

जुना_ब्रीडर
८१ धरले तरी ४.८१ येतो, मर्यादेच्या थोडासा वरच. ते ५ दाणे वेगळ्या पुडीत ठेव.