एकाच सोन्याची दोन नाणी
> सोन्याचा भाव चढला की संग्राह्य नाणंही तेवढंच चढायला हवं ना?

नाही. अमेरिकेचं 1927 चं 20 डॉलरचं नाणं घ्या. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचं असो वा डेन्व्हरच्या, सोनं तेवढंच, सुमारे 30 ग्रॅम. फिलाडेल्फियाचं मुबलक मिळतं, म्हणून ते निव्वळ सोन्यासाठी घेतल्या जाणाऱ्या बुलियन नाण्यासारखं बरंचसं रोजच्या भावामागे चालतं. डेन्व्हरची बहुतेक नाणी पुढे वितळवली गेली. उरलेली मोजकीच, आणि लिलावात 10 लाख डॉलरच्या वर गेलेली! तिथे सोनं दहा टक्क्यांनी वाढलं तरी फरक काहीशे डॉलरचाच. किंमत ठरते ती दुर्मिळता, नाण्याची स्थिती आणि बोली लावणारे यांवरून. सालाच्या वरचा डेन्व्हरची खूण असलेला छोटा ‘डी’ मात्र भिंगाखाली नीट तपासा, तो मागाहून चिकटवलेलाही असू शकतो.