टांगलेलं दही : तुमच्या घरी चक्का कसा होतो?

गिरगावकर: लेकीने घट्ट दह्याचा महागडा डबा आणला. एक चमचा खाल्ला आणि चाळीतल्या मोरीच्या नळाला टांगलेला आजीचा दसऱ्याचा चक्का आठवला. आता मी रोजच्या जेवणासाठी करते. १ लिटर गायीचं दूध, उकळी आली की मंद आचेवर १० मिनिटं ढवळत ठेवायचं, कोमट झाल्यावर चमचाभर विरजण. लागलेलं दही आधी गार करते. मग गाळणीत ओला पंचा, खाली पातेलं, आणि सगळं रात्रभर फ्रिजमध्ये. साधारण ४०० ग्रॅम उरतं. तुम्ही कसं करता?

परळची सून: फ्रिजमध्ये एवढी जागा कुठे! बाहेर नाही चालणार?

गिरगावकर: आपल्या उकाड्यात पाणी गळतं तोवर दही आंबतच राहतं गं. श्रीखंडात साखर सांभाळून घेते, भाजीत आंबटपणा लगेच कळतो.

जिमकर: टांगलं की प्रोटीन दुप्पट होतं 💪 मी म्हशीच्या दुधाचंच करतो

डेअरीवाले काका: वाटीमागे दुप्पट, हे खरं. पण प्रोटीन वाढत नाही, पाणी जातं. लिटरभर दुधात ३२ ग्रॅमच्या आसपास असतं, थोडं पाण्यातून जातं. २८ धरलं तर ताईंच्या ४०० ग्रॅम चक्क्यात १०० ग्रॅमला ७. म्हशीच्या दह्यात पाण्याबरोबर फॅट जात नाही, तेही दाट होतं. म्हणून गायीचं किंवा टोन्ड घ्या. ते १० मिनिटं आटवणं सोडू नका, त्यानेच दही घट्ट बसतं आणि प्रोटीन कमी निथळतं. पाणी हिरवट-पिवळं, नितळ हवं. पांढरट दुधाळ आलं तर दही नीट लागलेलं नाही किंवा कापड विरळ आहे.

जिमकर: अच्छा, फॅटचा विचारच केला नव्हता

ठाणेकर: माझ्या मिस्टरांना दूध पचत नाही, हे चालेल का?

परळची सून: माझ्या सासऱ्यांना चालतं बाई, पण प्रत्येकाचं वेगळं. चमचाभर देऊन बघ.

डब्याची घाई: भाजीत घातलं की फाटतं. काय करू? 😩 कुकर झालाय, पटकन सांगा

गिरगावकर: ४ चमचे चक्क्याला १ छोटा चमचा बेसन, थोडं पाणी, गुठळी राहू द्यायची नाही. गॅस बारीक करून घालायचं, उकळी येईपर्यंत हलवत राहायचं. मीठ शेवटी. आणि गाळलेलं पाणी टाकू नकोस, कणीक त्यातच मळ, पोळ्या मऊ होतात.

परळची सून: काकडीच्या कोशिंबिरीत चक्का घाला. डब्यात दुपारपर्यंत पाणी सुटलं तरी दह्यासारखी पातळ होत नाही.

डब्याची घाई: नाही फाटलं!! थँक्यू ताई. लोकल पकडते

ठाणेकर: पंचा कुठला घेता? माझ्याकडच्याला साबणाचा वास येतो.

डेअरीवाले काका: साबण लावूच नका. गरम पाण्यात उकळा आणि उन्हात वाळवा.

ठाणेकर: पावसाळ्यात ऊन कुठून आणू काका?