बँड आवळले की दिशा आधी ओळखता येते का?

खानदेशी: एका मिडकॅप शेअरचा दिवसाचा चार्ट बघतोय. बोलिंजर बँड नेहमीचेच, 20 दिवस आणि 2 डेव्हिएशन. महिनाभर भाव 500 च्या आसपास रेंगाळला. वरचा बँड 508, खालचा 492, आणि सहा महिन्यांत बँड इतके जवळ आलेले नव्हते. आवळलेल्या काळात भाव 509 च्या वर किंवा 491 च्या खाली गेलाच नाही. मग मंगळवारी 512 ला बंद झाला, वरच्या बँडच्या बाहेर. बुधवारी 507, गुरुवारी 501. सोमवारी 489 ला उघडून 484 ला बंद. स्फोट होणार हे बँडने बरोबर सांगितलं, पण दिशा उलटी निघाली. मी फक्त डिलिव्हरीत व्यवहार करतो. वर तुटणार की खाली, हे आधी ओळखायची काही खूण आहे का?

वाघोलीकर: दिशा मोठ्या कलावरून कळते. साप्ताहिक चार्ट काढा. भाव 200 दिवसांच्या सरासरीच्या वर असेल तर आवळलेला बँड वरच तुटतो, खाली असेल तर खाली. दुसरी खूण अशी की वर तुटताना खालचा बँड खाली वळला पाहिजे. दोन्ही बँड फाकले की चाल खरी. मंगळवारी तुमचा खालचा बँड वळला होता का ते तपासा.

रोखेबाज: वाघोलीकर, तुमची दुसरी खूण आधी घेतो, कारण ती फार लोक वापरतात आणि तिच्यात गफलत आहे. खानदेशींचेच आकडे घ्या. आधीच्या एकोणीस क्लोजिंगची सरासरी 500 आणि डेव्हिएशन 4 धरा. विसावं क्लोजिंग 512 आलं की सरासरी 500.6 होते आणि डेव्हिएशन साधारण 4.7. म्हणजे वरचा बँड 510 ला गेला आणि खालचा 492 वरून 491.2 ला उतरला. खालचा बँड वळला, बरोबर? आता तेच क्लोजिंग 488 धरा. खालचा बँड 490 ला जातो आणि वरचा 508.8 ला चढतो. दोन्ही वेळा बँड फाकले. डेव्हिएशनचं सूत्र फरकाचा वर्ग करतं आणि वर्गात चिन्ह उरत नाही. बँड फाकणं म्हणजे हालचाल वाढली, एवढंच. दिशेबद्दल त्यात काहीच नाही.

याच गणितात खोट्या ब्रेकआउटचं कारणही आहे. बँड इतके जवळ असताना वरचा बँड मधल्या रेषेपासून फक्त 8 रुपयांवर असतो, म्हणजे दीड टक्क्यावर. कुठल्याही मिडकॅपच्या साध्या चांगल्या दिवशी तेवढी चाल होते. बँड रुंद असताना बाहेर बंद होणं अवघड असतं, म्हणून त्याला वजन असतं. बँड आवळलेले असताना, म्हणजे स्क्वीझमध्ये, तेच स्वस्तात घडतं. खुद्द जॉन बोलिंजर या पहिल्या फसव्या चालीला हेड फेक म्हणतात आणि स्क्वीझमध्ये तिची वाट बघायला सांगतात.

खानदेशी, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. शांत काळानंतर हालचाल वाढते हे बऱ्यापैकी भरवशाचं आहे. रॉबर्ट एंगल यांनी 1982 मध्ये मांडलेलं आर्च मॉडेल चढउतारांच्या अशाच बदलत्या लयीवर उभं आहे, त्याला 2003 मध्ये नोबेलही मिळालं. पण ते मॉडेल चढउताराच्या आकाराबद्दल बोलतं, दिशेबद्दल नाही.

वाघोलीकर: बँडचं गणित मान्य. पण कलाचं काय? त्याला तुम्ही हात लावला नाहीत.

रोखेबाज: कल उपयोगी आहे, पण वेगळ्या कामाला. कोणत्या बाजूचा सौदा घ्यायला मी तयार आहे हे कलावरून ठरवा. कोणती बाजू तुटेल हे त्यावरून ठरवलंत की तुटण्याच्या आधीच खरेदी होते, आणि तिथेच माणूस अडकतो. खानदेशी तर डिलिव्हरीवाले आहेत. कॅश सेगमेंटमध्ये शॉर्ट रात्रभर ठेवता येत नाही, त्यामुळे खाली तुटलं तर त्यांच्यासाठी सौदाच नाही. त्यांना एकच प्रश्न सोडवायचाय: वर तुटलेलं टिकलं की नाही?

सुनंदा_मिरज: माझ्याकडच्या एका शेअरचा बँड एक्स्चेंजने 20 टक्क्यांवरून 5 टक्के केला. आता तो रोज थोडासाच हलतो. म्हणजे आता मोठी चाल येणार असं समजायचं का? काढून टाकू की ठेवू?

रोखेबाज: सुनंदाताई, तो प्राइस बँड, म्हणजे सर्किटची मर्यादा. इथे बोलणं चाललंय ते चार्टवरच्या बोलिंजर बँडबद्दल. ठेवायचा की काढायचा हे मी सांगू शकत नाही, पण तुमच्या उदाहरणाने एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. भाव शांत झाला तो कशामुळे, हे पाहिल्याशिवाय स्क्वीझ म्हणूच नये. सर्किट खाली आणलेल्या शेअरमध्ये दिवसाची चाल बाहेरून बांधलेली असते. तसंच ओपन ऑफर जाहीर झालेल्या कंपनीत भाव बऱ्याचदा ऑफरच्या किमतीजवळ चिकटून बसतो आणि बँड सुतासारखे बारीक होतात. तिथे स्फोटाची वाट बघण्यात अर्थ नाही. ऑफर मोडली तर भाव पडेल, पण ती वेगळीच जोखीम झाली.

चाळीसगावचा_अभय: दिशेची एवढी काळजी असेल तर स्ट्रॅडल घ्या ना. एकाच स्ट्राइकचा कॉल आणि पुट. शांत काळात प्रीमियम कमी असतं. वर गेला तरी पैसे, खाली गेला तरी पैसे.

रोखेबाज: अभय, प्रीमियम कमी असतं, फुकट नसतं. शेअर 500 ला आणि दोन्ही मिळून 20 रुपये दिले, तर एक्स्पायरीपर्यंत धरून ठेवल्यास 520 च्या वर किंवा 480 च्या खाली जावं लागतं. आणि स्क्वीझ कधी सुटेल याची तारीख कोणी दिलेली नसते. आणखी दोन आठवडे आवळलेलाच राहिला तर ऑप्शनची किंमत रोज झिजते. तारीख सगळ्यांना ठाऊक असते तेव्हा ती बाजारालाही ठाऊक असते. एप्रिल 2024 मध्ये बाजाराला अपेक्षित चढउतार मोजणारा इंडिया व्हीआयएक्स दहाच्या आसपास होता, लोकसभेचे निकाल जवळ आले तसा तो खूप वर गेला. 3 जूनला निफ्टी 3 टक्क्यांहून जास्त चढला आणि 4 जूनला जवळपास 6 टक्के पडला. एप्रिलमध्ये स्ट्रॅडल घेणाऱ्याला थांबण्याची किंमत मोजावी लागली आणि जूनमध्ये घेणाऱ्याला महाग प्रीमियमची.

चाळीसगावचा_अभय: 4 जूनला एवढी चाल आली की महाग घेऊनही चाललं असतं. पण खानदेशी डिलिव्हरीवाले आहेत हे खरं, त्यांना हा मार्ग नको.

खानदेशी: मग टिकलं की नाही हे ठरवायचं कसं? सरळ पायऱ्या सांगा.

रोखेबाज: मी बँड फक्त ‘आता लक्ष दे’ एवढ्यासाठी वापरतो. आवळले की आवळलेल्या काळातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव घेऊन चौकट आखतो. तुमच्या चार्टवर ती 509 आणि 491 होते. पहिल्यांदा बाहेर बंद झालं की फक्त नोंद. दुसऱ्या दिवशीही चौकटीबाहेरच बंद झालं तर तिसऱ्या दिवशी सकाळी सौदा. मंगळवारी 512 बाहेर, बुधवारी 507 आत. म्हणजे खरेदी नाही. व्हॉल्यूमही बघतो, पण एक्स्पायरीच्या दिवसाचं किंवा ब्लॉक डीलने फुगलेलं असेल तर मोजत नाही. त्या दिवशी डिलिव्हरीची टक्केवारी किती होती तेही बघतो.

गोरेगाव_देसाई: इथे माझा ठाम विरोध. थांबण्याची किंमत तुम्ही सांगितलीच नाही. एका सौद्यात 3,000 रुपये गमवायची तयारी धरा. मी पहिल्या दिवशी 512 ला घेतो, स्टॉपलॉस मधल्या रेषेवर 500. प्रत्येक शेअरमागे 12 रुपये, म्हणजे 250 शेअर. तुम्ही दोन दिवसांनी 520 ला घ्याल, स्टॉपलॉस तोच, 20 रुपये, म्हणजे 150 शेअर. भाव 560 ला गेला तर मला 12,000 आणि तुम्हाला 6,000. दहा स्क्वीझमध्ये तीन खरे निघाले समजा. मी तीनदा कमावून आणि सातदा गमावून 15,000 पुढे. तुमच्या गाळणीने सातपैकी चार खोटे वगळले तरी तुम्ही 9,000 वर. मला गाठायला सातपैकी सहा वगळावे लागतील. कोणती गाळणी एवढं करते?

वाघोलीकर: देसाईसाहेब, हे पटलं. खोट्या ब्रेकआउटच्या भीतीने लोक खऱ्या चालीचा अर्धा नफा सोडतात.

रोखेबाज: हिशेब बरोबर आहे आणि प्रश्नाचं मूळ हेच आहे. दोन गोष्टी जोडतो. तुमच्या सातही तोट्यांत 3,000 च जातील असं तुम्ही धरलंय. खानदेशींचा शेअर बघा. 512 ला घेतलेला माणूस गुरुवारी 501 ला तग धरून होता, कारण स्टॉपलॉस 500 ला होता. सोमवारी भाव उघडलाच 489 ला. शेअरमागे 23 रुपये, 250 शेअर, म्हणजे 5,750 गेले. आवळलेल्या शेअरची चाल बऱ्याचदा बातमीवर, गॅपने सुटते. असे दोन सौदे सातात आले की तुमच्या 15,000 पैकी 5,500 गेले.

दुसरं, मी स्टॉपलॉस 500 ला ठेवतच नाही. दोन दिवस बाहेर टिकलेला भाव परत चौकटीत शिरला की माझा मुद्दा खोटा ठरला, म्हणून 508. 520 ला घेऊनही जोखीम 12 रुपये, शेअर 250, 560 ला 10,000. तीन खरे, तीन खोटे धरले तर 21,000 उरतात.

गोरेगाव_देसाई: गॅपचं मान्य, तो धोका माझ्या हिशेबात नव्हता. पण 508 मान्य नाही. खरी चालसुद्धा अनेकदा मागे येऊन चौकटीची कड शिवते आणि मग सुटते. तुमचा स्टॉपलॉस नेमका तिथे आहे. तीन खऱ्यांतला एक जरी त्यात उडाला तर 21,000 चे 8,000 होतात.

रोखेबाज: हो, होतात. म्हणून मी क्लोजिंगवर बघतो, दिवसभरात 508 शिवला तर हलत नाही. त्यामुळे कधी 12 ऐवजी 15 किंवा 18 जातात. कड शिवून सुटणाऱ्या चाली किती, हे शेअरागणिक बदलतं. मी ज्या लार्जकॅपमध्ये काम करतो तिथे क्लोजिंगची अट चालते. मिडकॅपला चालेलच असं सांगणार नाही.

खानदेशी: या शेअरचा पाच वर्षांचा चार्ट काढून बसतो. प्रत्येक स्क्वीझला चौकट आखून, पहिल्या दिवसाचा आणि तिसऱ्या दिवसाचा सौदा वेगवेगळ्या रकान्यांत लिहितो, गॅपचा तोटा खऱ्या उघडलेल्या भावाने. देसाईसाहेब, विक्री तुम्ही 560 ला धरलीत. मी ती कशावर धरू, मधल्या रेषेखाली बंद झालं की?

गोरेगाव_देसाई: दोघांनाही एकच नियम लावा, मग मधली रेषा चालेल. आणि सर्किट किंवा ओपन ऑफरचे काळ वगळा, नाहीतर रोखेबाजांची गाळणी उगाच हुशार दिसेल.