‘पाहिलं’चं काय करायचं?

> कथेत ‘पाहिलं’ बावीस वेळा आलंय. सगळीकडे वेगळा शब्द घालू का?

नको. आधी फुकटचे उडवा. ‘तिने खिडकीतून पाहिलं. बाहेर पाऊस पडत होता.’ यातलं पहिलं वाक्य काढलं तरी पाऊस पडतोच! बदल फक्त पाहण्याची तऱ्हा महत्त्वाची असेल तिथे करा. ‘रागाने पाहिलं’चं ‘डोळे वटारले’ होईल. ‘न्याहाळलं’ मात्र सावकाश पाहण्यालाच, ओझरत्या नजरेला नाही.

एकगठ्ठा बदलू नका. ‘त्याने फटीतून पाहिलं’चं ‘तो फटीतून डोकावला’ होतं, म्हणजे ‘ने’ जातो आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं. शोधताना ‘पाह’ टाका, ‘पाहून’, ‘पाहत’ही सापडतील (‘पाहिजे’ आणि ‘पाहुणे’ही येतील, ते सोडा). ‘बघ’ वेगळं शोधा.