सेटलमेंट होल्डवर आणि त्यातच चार्जबॅक: तुमचे अनुभव लिहा

मेघा_घणसोली
मी आणि माझी जाऊ घरून फराळ आणि मसाले विकतो, ऑनलाइन पेमेंट गेटवेतून घेतो. दिवाळीच्या ऑर्डरी धडाधड यायला लागल्या आणि डॅशबोर्ड उघडला तर वर पिवळी पट्टी, `Settlements on hold`, म्हणजे विक्रीचे पैसे आमच्या बँकेत उतरायचे थांबले. खाली डिस्प्यूटच्या टॅबवर लाल ठिपका, एका १,८४० रुपयांच्या ऑर्डरवर चार्जबॅक, म्हणजे ग्राहक बाईंनी बँकेमार्फत पैसे परत मागितलेत, कारण `Goods not received`, आणि उत्तर द्यायची शेवटची तारीख. जाऊबाई म्हणतात एका बाईने तक्रार केली म्हणून आपले सगळेच पैसे अडकवले. मला ते पटत नाहीये, एका डब्यासाठी एवढं सगळं कशाला थांबवतील? ज्यांच्यावर हे आलंय त्यांनी लिहा, नुसता सल्ला नको, तुमच्याकडे काय झालं आणि कसं सुटलं ते लिहा.

तलावपाळी
ताई आमच्याकडे पण सेम, कुरियरवाल्याने सीओडीचे पैसे अडकवलेत, दर वेळी म्हणतात पुढच्या बुधवारी रेमिटन्स होईल. नौपाड्यातल्या ऑफिसात जाऊन बसलो तेव्हा कुठे निम्मे सुटले. तुम्ही पण जाऊन बसा.

मेघा_घणसोली
@तलावपाळी दादा ते सीओडीचं वेगळं. आमचं प्रीपेड आहे, कुरियरकडे आमचा एक रुपया नाही.

अनघा_कोपरी
माझा अनुभव होल्डचा. मी खणाच्या पर्स विकते. केवायसी माझ्या लग्नानंतरच्या नावाने होती आणि सेटलमेंटचं बँक खातं माहेरच्या नावाचं, सुरुवातीला कोणी काही बोललं नाही, विक्री वाढली तशी कोणीतरी फाइल उघडून बघितली असणार आणि होल्ड लागला. तेव्हा माझ्यावर एकही चार्जबॅक नव्हता हं! म्हणजे जाऊबाईंचं गणित इथेच चुकतं. पेमेंट येत होती, ग्राहकांना काही कळत नव्हतं, फक्त माझ्या बँकेत काही उतरत नव्हतं. मॅरेज सर्टिफिकेट आणि कॅन्सल्ड चेक अपलोड केला, मग सुटलं.

रोहन_ऐरोली
टेन्शन घेऊ नका, पेमेंट करताना ओटीपी टाकलाय ना ग्राहकाने? मग चार्जबॅक तुम्हीच जिंकणार. माझ्याकडे एकाने 'हे पेमेंट मी केलंच नाही' म्हणून टाकला होता, ओटीपीचा रेकॉर्ड होता, केस माझ्या बाजूने बंद. ओटीपी म्हणजे विषय संपला.

माजी_ऑप्स
मी बरीच वर्षं पेमेंट कंपनीत मर्चंट रिस्कला होतो, सध्या बेलापूरला घरी बसून लोकांचे डॅशबोर्ड बघतो, त्यामुळे जरा लांब लिहितो.

रोहन, तुझी केस वेगळ्या कारणाची होती. 'मी केलंच नाही' याला ओटीपी हे उत्तर आहे. 'मला माल मिळाला नाही' याला नाही. पैसे बाईंनीच दिले हे बँकेलाही मान्य आहे, प्रश्न चकल्या पोचल्या का एवढाच आहे. म्हणून चार्जबॅक आला की आधी कारण वाचायचं, मग कागद शोधायचे.

आता मेघाताई. होल्ड तुमच्या खात्यावर असतो, चार्जबॅक एका पेमेंटवर. होल्ड लावतो गेटवे, चार्जबॅक आणते ग्राहकाची बँक, व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्या मार्फत. गेटवे मधला टपालवाला, निकाल त्याच्या हातात नाही, त्यामुळे त्याच्या सपोर्टवर भांडून चार्जबॅक सुटत नाही, होल्ड मात्र तिथेच सुटतो. खूप चार्जबॅक एकदम आले तर त्यामुळेही होल्ड लागू शकतो, पण तुमचा एकच आहे. मला वाटतं एरवीपेक्षा रोजची विक्री कितीतरी पटीने वाढली आणि खाण्याचा माल आहे, म्हणून लागला. पिवळ्या पट्टीवर क्लिक करा किंवा रजिस्टर्ड ईमेल बघा, बहुतेक एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्य परवान्याचा नंबर मागितला असेल.

पैसे कुठे असतात हाही प्रश्न येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे पेमेंट अ‍ॅग्रीगेटरला, म्हणजे तुमच्या गेटवेसारख्या कंपनीला, ग्राहकांचे पैसे बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. होल्डमध्ये ते तिथेच थांबतात, परत जात नाहीत.

आता तुमच्या १,८४० चा हिशोब. फी २ टक्के धरली तर ३६.८०, म्हणजे तुमच्या हाती १,८०३.२०. चार्जबॅक हरलात तर कापतात ते पूर्ण १,८४०, फी सहसा परत मिळत नाही, आणि डबाही गेला. काही ठिकाणी नोटीस येताच रक्कम बाजूला काढतात, काही ठिकाणी निकालानंतर. खात्यात शिल्लक नसेल तर पुढच्या विक्रीतून वळती करतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाईंची दया येऊन किंवा वैताग येऊन साइडने रिफंड मारू नका. चार्जबॅक चालू असताना रिफंड दिला की बाईंना दोनदा पैसे आणि तुमचे ३,६८० गेले. द्यायचेच असतील तर डिस्प्यूटमध्येच `Accept` करा.

मेघा_घणसोली
ईमेल सापडलं, स्पॅममध्ये होतं! एफएसएसएआयचा नंबरच मागितलाय आणि वेबसाइटवर रिफंड पॉलिसीचं पान नाही म्हणून तेही. नंबर आहे आमच्याकडे, १४ आकडी, टाकला. आता डब्याचं. ट्रॅकिंगमध्ये `Delivered` दाखवतंय पण सही वॉचमनची आहे. बाई म्हणतात मला कोणी सांगितलंच नाही.

माजी_ऑप्स
तिथेच खरी गोची. नुसता `Delivered` चा स्क्रीनशॉट बँक बऱ्याचदा मानते, पण समोरच्याने 'वॉचमनला कोणी सांगितलं घ्यायला' म्हटलं की डगमगतं. कुरियरकडून पीओडीची, म्हणजे माल पोचल्याच्या पावतीची कॉपी मागा, एडब्ल्यूबी म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग नंबर, वेळ आणि पत्ता दिसायला हवा, आणि तो पत्ता ऑर्डरमधल्या पत्त्याशी अक्षरश: जुळायला हवा. बाईंशी व्हॉट्सअ‍ॅपवर काही बोलणं झालं असेल तर तेही घ्या. सगळं एकाच पीडीएफमध्ये, पहिल्या पानावर ऑर्डर कधी, पाठवलं कधी, पोचलं कधी एवढंच. 'आम्ही प्रामाणिक गृहिणी आहोत' असली पत्रं मी खूप वाचलीत, त्यांचा उपयोग होत नाही. आणि तारीख चुकवू नका, उत्तर गेलं नाही की आपोआप हरता.

खाडीपलीकडचा
आमच्या सोसायटीत गेटवर अ‍ॅप आहे, कुरियरवाला आला की नोंद होते आणि फ्लॅटवर नोटिफिकेशन जातं. ग्राहकांची सोसायटी तसली असेल तर सेक्रेटरीकडून ती नोंद मिळते का बघा. मला एकदा मिळाली, एकदा सेक्रेटरीने सरळ नाही म्हटलं.

प्रशांत_कळवा
माझं वेगळंच आहे. माझ्या गेटवेवर होल्ड नाही, चार्जबॅक नाही, पण बँकेनेच खात्यात लीन मारलाय, म्हणजे रक्कम अडकवून ठेवलीय, कोणा अनोळखी राज्यातल्या सायबर तक्रारीवरून. मोबाइल कव्हर विकतो, कोणी चोरीच्या पैशातून घेतलं असेल तर मी काय करणार? बँक म्हणते तिकडच्या पोलीस स्टेशनला मेल करा, तिकडून उत्तर नाही.

माजी_ऑप्स
@प्रशांत हे तिसरंच प्रकरण, गेटवेला विचारून काही होणार नाही. बँकेकडून तक्रारीचा नंबर आणि लीनची रक्कम लेखी घ्या, आणि त्या ऑर्डरचं बिल, पीओडी जोडून मेल करा. किती वेळ लागेल ते कोणी सांगू शकत नाही, मीही नाही.

मेघा_घणसोली
अपडेट. पॉलिसीचं पान टाकलं, पट्टी गेली, अडकलेले पैसे पुढच्या कामाच्या दिवशी उतरले, त्यात १,८४० मात्र कापूनच. जाऊबाई अजून म्हणतात बघ, मी म्हटलं होतं ना. पीओडी मिळालाय, गेटची नोंद नाही मिळाली. उत्तर पाठवलंय, `Under review` दिसतंय.

अनघा_कोपरी
जिंकलात तरी बाईंची बँक पुन्हा अपील करू शकते ना? माझ्या मैत्रिणीचं तसं झालं होतं म्हणे.

माजी_ऑप्स
हो, प्री-आर्बिट्रेशन. छोट्या रकमेला सहसा कोणी जात नाही, पण जातात. आणि व्हिसाच्या नियमात साधारण १२० दिवसांपर्यंत नवा डिस्प्यूट टाकता येतो, तेव्हा या दिवाळीच्या सगळ्या पीओडी आत्ताच डाउनलोड करून ठेवा, नंतर कुरियरच्या साइटवरून उडतात.

तलावपाळी
यूपीआयने आलेल्या पेमेंटवर पण येतो का चार्जबॅक? आमची निम्मी गिऱ्हाइकं यूपीआयवाली.

माजी_ऑप्स
येतो. फक्त मध्ये व्हिसाऐवजी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची यंत्रणा असते आणि मुदती वेगळ्या. डॅशबोर्डवर जी तारीख दिसेल तीच धरा.